दोर कुणाच्या हातात

ज्याने त्याने आपलं हित पाहावं, एवढाच धर्म. बाकी सगळं म्हणजे एकतर त्याच हिताला चढवलेला सदरा, नाहीतर निव्वळ वेडेपणा. मामांचं हे म्हणणं धान्याच्या गोदामात सगळ्यांना पाठ होतं. चहाच्या सुट्टीत कुणी नुसतं "मामा, धर्म सांगा" म्हटलं की मामा पेला खाली ठेवून बसायचे, आणि सुट्टी संपली तरी त्यांचं संपायचं नाही.

लोकांना वाटे, मामा म्हणतात की माणसं स्वार्थी असतात. ते ऐकून मामा चिडत. "असतात कुठे? असती तर मला बोलावं लागलं असतं का? रागाच्या भरात नोकरी सोडतील, चार लोक वाहवा करतील म्हणून पाठीचा कणा मोडून घेतील, लाजेपोटी नको त्याला हो म्हणतील. माणसं पुरेशी स्वार्थी नसतात, हीच तर रड आहे. ती कशी आहेत ते मी सांगत नाही. ती कशी असावीत ते सांगतो."

आणि गंमत अशी, की असा माणूस सगळ्या गोदामात सगळ्यांत भरवशाचा होता. दिलेला शब्द मोडायचा नाही, कारण एकदा मोडला की पुढे कोण उभं करणार? खोटं बोलायचं नाही, कारण ते लक्षात ठेवावं लागतं. आजारी माणसाची पाळी आपण करायची, कारण उद्या आपणही आजारी पडू. धाकटी बहीण गेली तेव्हा तिची लहानगी मुलगी मामांनी घरी आणली. "म्हातारपणी कुणीतरी लागतंच," असं ते स्मशानातून परत येताना म्हणाले होते. मामीने ते कधी खरं मानलं नाही. पोरीला ताप आला की मामा रात्र रात्र उशाशी बसतात, हे तिने पाहिलं होतं.

मामीने त्यांना एकदाच अडवलं होतं.

"मग माझ्याशी लग्न का केलंत?"

"तुझा स्वभाव बघून. माझ्या हिताचा होता."

"आणि माझं हित?"

"ते तू पाहायचं होतंस."

"पाहिलं असतं तर आज वेगळ्या घरात भाजी चिरत असते," मामी म्हणाली, आणि मग विळीवरचा हात थांबवून तिने विचारलं, "बरं, दोघांची हितं एकमेकांच्या आडवी आली, तर तुमचा धर्म कुणाच्या बाजूने?"

"नीट पाहिलं तर ती आडवी येतच नाहीत. लांबचा विचार केला की सगळ्यांची हितं एकाच वाटेला लागतात. माणसं आखूड बघतात म्हणून भांडतात."

मामी पुन्हा भाजी चिरू लागली. पण भाची दारात उभी राहून ऐकत होती. तिला सगळे खारू म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती दिसेल त्यावर चढे. मोठी झाल्यावर तिलाही गोदामातच काम लागलं, मामांच्या हाताखाली. मामांची खरी शिष्या तीच. इतर नुसते हसत. ती वाद घाली, हरे, आणि हरलेला मुद्दा दुसऱ्या दिवशी मामांच्याच बाजूने दुसऱ्या कुणावर चालवी.

गोदामात पत्र्याच्या उंच गोल कोठ्या होत्या. वरून धान्य पडायचं, तळाच्या भोकातून सरकत्या पट्ट्यावर उतरायचं. धान्याला ओल लागली की ते आत धरायचं, घट्ट होऊन खाली उतरायचंच नाही, आणि मग माणसाला कोठीत उतरावं लागायचं. उतरण्याची रीत ठरलेली होती. आधी खालच्या पट्ट्याचं बटण बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. अंगात पट्ट्यांचं जाकीट घालायचं, त्याला दोर. दोराचं दुसरं टोक कोठीच्या तोंडाशी बसलेल्या, तसंच जाकीट घातलेल्या माणसाच्या हातात. त्याने लागेल तेवढाच दोर सोडायचा, एक वीतसुद्धा ढिला ठेवायचा नाही. कारण धान्य पाण्यासारखं नसतं. त्यात पोहता येत नाही. पाय आत गेला की माणूस आत जातो, आणि ढिला दोर तो गेल्यावरच ताठ होतो. वरच्या माणसाने काही झालं तरी आत उतरायचं नाही, घंटा ओढायची. कित्येकदा एकाला काढायला गेलेला दुसराही मेलेला सापडे, म्हणून हा नियम.

मामांचा दोर कैक वर्षं त्यांचा जोडीदार जाड्या याच्या हातात असायचा आणि जाड्याचा मामांच्या. "बघा," मामा म्हणत, "यात प्रेमबिम काही नाही. आज तो माझा धरतो कारण उद्या मी त्याचा धरणार. दोन स्वार्थांनी मिळून एक दोर वळलाय. याहून पक्का दोर दाखवा मला." जाड्या दाढी खाजवत म्हणे, "मामा, मला बाबा असलं काही सुचत नाही. तुम्ही खाली असता, मी धरतो."

जाड्या निवृत्त होऊन गावी गेला. दोर खारूच्या हातात आला.

त्याच सुमारास ते सरकत्या पट्ट्याचं घडलं. गोदाम झाडणारे आजोबा पट्ट्याखाली हात घालून सांडलेला मका काढत होते. त्यांनी कुलूप लावलं होतं, पण ते नीट बसलं नव्हतं. खारूने ते लोंबतंय हे पाहिलं, कुणीतरी काढायचं विसरलं असेल असं गृहीत धरलं, आणि खाली डोकावून न पाहता बटण दाबलं. पट्ट्याने आजोबांची बाही खांद्यापर्यंत फाडून नेली. हात वाचला. आजोबांना वाटलं बटण बिघडलंय. इतरांनाही तसंच वाटलं. खारूला बटण दाबताना फक्त मामांनी पाहिलं होतं, वरच्या मजल्याच्या लोखंडी जाळीतून.

मामा आठवडाभर गप्प होते. मग ओला मका कोठीत धरल्याची खबर आली त्या सकाळी, जाकीट चढवता चढवता ते म्हणाले,

"खारे, ते पट्ट्याचं मी दुपारी मॅनेजरांना सांगणार आहे."

तिचा हात त्यांच्या जाकिटाच्या बकलावर थांबला. "का?"

"बटण तपासायला माणूस येतोय. बटण चांगलं निघेल. मग विचारतील, तिथे कोण होतं. मी आठवडाभर लपवलं असं ठरलं तर माझी मुकादमी जाईल. आज मीच सांगितलं तर जाणार नाही."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल. राग मानू नकोस. तुझं हित आणि माझं हित इथे वेगळं झालं, एवढंच."

ती जरा वेळ बकलाशी खटपट करत राहिली. मग अगदी सरळ आवाजात, शाळेतली मुलगी गणित विचारते तसं तिने विचारलं, "मग आता मी काय करायला हवं मामा? तुझ्या मते?"

"तुझ्या हिताचं असेल ते," मामा सवयीने म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मामांची नजर बकलावरच्या तिच्या हातांकडे गेली.

खारूने बकल घट्ट केलं, दोर तपासला, म्हणाली, "चल." दोघं बाहेरच्या शिडीने वर चढली. मामा पुढे, ती मागे. चढताना मामांच्या डोक्यात जे चाललं होतं ते त्यांना थांबवता येईना, कारण ते त्यांचंच डोकं होतं आणि त्याला हीच सवय होती. पट्ट्याची गोष्ट माहीत असलेला माणूस जगात एकच. तो आता कोठीत उतरणार. त्याचा दोर तिच्या हातात. मक्यात माणूस बुडाला तर कोण विचारतं? ढिला दोर कुणी पाहिला? बदनामी होईल, पकडली जाशील, हे मामांचं नेहमीचं उत्तर होतं. इथे पकडणारं कोणीच नव्हतं. आणि जाड्याचं आज-उद्याचं गणित? उद्या तर ती इथे नसणारच. तिचा दोर मामांच्या हातात पुन्हा कधी येणारच नव्हता.

म्हणजे मामांच्या शिकवणीप्रमाणे तिने काय करायला हवं, हे उघड होतं. त्यांनी जगायची धडपड करायला हवी हेही तितकंच उघड होतं. दोन्ही बरोबर. मामांनी त्या दोन बरोबरांच्या मध्ये ठेवायला काहीतरी शोधलं. काही सापडेना. त्यांच्या धर्मात तिला 'हे करू नकोस' म्हणायला जागाच नव्हती. फार तर 'हे मला नकोय' एवढं म्हणता येत होतं, आणि ते तर तिला माहीतच होतं.

आणि खरा चक्रम कोण? ज्याला आपलंच हित पाहायचंय त्याने दुसऱ्याला आपलं हित पाहायला शिकवावंच कशाला? शहाण्याने दुसऱ्यांना दयामाया शिकवली असती आणि स्वतःचं मत पोटात ठेवलं असतं. मामांनी मात्र आयुष्यभर आपल्याच विरुद्ध उभी राहील अशी माणसं तयार केली होती, आणि त्यांतली सगळ्यांत तयार झालेली मागून शिडी चढत होती. तिच्या बुटांचा टणटण आवाज त्यांच्या पाठीशी येत होता.

"मामा, थांबलास का?"

"दम लागला."

"तुला? दम?" ती हसली. त्या हसण्यात काय आहे, हे मामांना आज पहिल्यांदाच कळेना. अंगणात पडून गुडघा फोडून घ्यायची तेव्हापासूनचं ते हसू, पण आज परक्या बाईचं वाटलं.

कोठीच्या तोंडातून आत उकाडा होता आणि आंबूस वास. आतल्या भिंतीला लागून लोखंडी शिडी खाली गेली होती, आणि एक मजला खाली मक्याची कडक, करडी साय दिसत होती. वरून भक्कम वाटते. पण खालचं धान्य निघून गेलेलं असतं आणि तिच्याखाली पोकळी असते. शिडीवर उभं राहून लांब पहारीने ती फोडायची, तिच्यावर पाय ठेवायचा नाही.

मामा उतरू लागले. वर प्रकाशाचं गोल भोक, त्यात खारूचं काळं डोकं. तिचा चेहरा दिसत नव्हता. दोर त्यांच्या पाठीशी ताठ होता, अगदी हवा तसा. पण तो ताठपणा कुणीतरी देत होतं, आणि जे देतं ते काढूनही घेऊ शकतं. 

"दोर दे," ते ओरडले.

"किती?"

"दे म्हणतो ना! अजून. अजून."

दोर सैल पडला. मामांनी भराभर त्याचा फास केला आणि शिडीच्या पायरीला आवळून बांधला. लोखंडाला हित नसतं. ते धरतं, कारण ते लोखंड आहे. त्यांना इतकं बरं वाटलं, की लाजही वाटली नाही.

पण लोखंडाला दोर सोडताही येत नाही, आवळताही येत नाही. पहार फिरवायला जागा हवी म्हणून मामांना स्वतःपुरता पुष्कळ दोर ढिला ठेवावा लागला. त्याचं वेटोळं पायाशी लोंबू लागलं.

"मामा, दोर मेल्यासारखा का लागतोय? कुठे अडकला का?"

"अडकला नाही. तू तुझं बघ!"

साय शिडीजवळ फुटली, पलीकडे फुटेना. पहार पुरेना. जाड्या वर असता तर मामांनी पहार टाकून दिली असती, लांब पहार मागितली असती, दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या असत्या. आज त्यांना फक्त लवकर संपवून बाहेर पडायचं होतं. त्यांनी एक पाय सायीवर ठेवला. टिकली. दुसरा ठेवला.

आवाज असा झालाच नाही. नुसता पायाखालचा मजला नाहीसा झाला.

मामा थांबले तेव्हा मका छातीपर्यंत होता. हात वर राहिले होते. दोर समोर लोंबत होता, अजून ढिलाच. धूळ बसली तेव्हा दिसलं की पलीकडच्या भिंतीला मक्याचा दरवाजाएवढा लगदा चिकटून राहिलाय, आणि तो त्यांच्याकडे झुकलाय. मामांनी श्वास सोडला. छाती आत गेली तेवढ्या जागेत मका सरकला. पुन्हा श्वास घेतला तर छाती आधीएवढी फुगेना.

वर घंटा वाजली. मग शिडीवर बूट वाजले.

नियम होता, की वरच्याने उतरायचं नाही. ती उतरत होती. आपल्या जाकिटाचा आकडा एकेका पायरीला अडकवत, काढत, अडकवत. मामांना वाटलं, घंटा झाली, म्हणजे तिने आपलं काम केलं, आता कुणी तिला बोल लावणार नाही. मग ही कशाला येतेय?

ती त्यांच्या डोक्याजवळच्या पायरीवर थांबली. गाठीकडे पाहिलं. सगळं तिला कळलं असावं. मग तिने गाठीला हात घातला आणि ती सोडायला लागली.

"नको," मामा म्हणाले. "बाळ, नको."

त्यांना म्हणायचं होतं, हे बरोबर नाही. पण तो शब्द त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा हसण्यावारी नेला होता, की आता तो तोंडात नीट बसेना. "तुझ्या हिताचं..." त्यांनी सुरुवात केली, आणि श्वास संपला. मक्याने तेवढी जागाही घेतली.

"गप्प राहा. बोललास की श्वास जातो. हात छातीवर आडवे धर. हां, असे. थोडा थोडा श्वास घे."

गाठ सुटली. त्या क्षणी मामा जगात कशालाच बांधलेले नव्हते, फक्त तिच्या मुठीला. त्यांनी डोळे मिटले. इतकी भीती त्यांना पुन्हा कधी वाटली नाही, आणि त्याआधीही वाटली नव्हती. मग पाठीवरचा जाकिटाचा पट्टा हळूहळू आवळला. ती ढिला दोर ओढून घेत होती, वरच्या पायरीला वळसे देत होती. आता मामा आणखी खाली जाणार नव्हते.

"वर ओढ," ते कसेबसे म्हणाले.

"ओढलं तर कंबर तुटेल तुझी. फळ्या घेऊन येतायत. तुझ्याभोवती रोवतील आणि आतला मका डब्याने काढतील. तोवर असंच."

ती एका हाताने शिडी धरून वाकली आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या हनुवटीशी चढणारा मका बाजूला सारू लागली. पलीकडचा लगदा मधूनच चार दाणे सोडत होता. टिक, टिक. तो आला असता तर दोघांवर आला असता. तिने मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा मका सारू लागली. 'तू वर जा' असं मामांच्या तोंडून निघालं नाही, हे सांगायला पाहिजे. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

माणसं आली, फळ्या आल्या, डबे आले. पुष्कळ वेळाने मामा बाहेर, सावलीत, घोंगडीवर पडले होते. झाडणारे आजोबा त्यांना हातपंख्याने वारा घालत होते, फाटलेली बाही आता टाके घालून शिवलेली. लगदा माणसं वर आल्यानंतर कोसळला होता. त्याचा धप्पकन झालेला आवाज सगळ्यांनी ऐकला होता.

खारू पलीकडे पायरीवर बसली होती. मामांनी तिला हाक मारली.

"का उतरलीस?"

"तू खाली होतास."

"त्यात तुझं काय होतं?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना ऐकू येत नाही. "मामा, तू खाली होतास."

मामांच्या डोक्याने लगेच उत्तरं तयार केली. मी उपकारापोटी गप्प बसेन असा तिचा हिशोब असेल. मनाला टोचणी लागली असती, ती नको म्हणून उतरली असेल. पण ती उतरली नसती तरी याच डोक्याने म्हटलं असतं, जीव वाचवला, हित पाहिलं. दोन्हीकडे चपखल बसणारं उत्तर कशाचंच उत्तर नसतं. आणि टोचणी तरी का लागली असती? सोडून जाणं वाईट आहे असं आधी वाटल्याशिवाय टोचेल कसं? मामा दमले होते. त्यांनी उत्तरं सोडून दिली.

तेवढ्यात मॅनेजर आले. हातात पाटी-कागद, कपाळावर आठ्या. "कसं झालं हे? दोर कुणाच्या हातात होता?"

"माझ्या," खारू उठून उभी राहिली. "पण त्याआधी एक सांगायचंय. मागच्या आठवड्यात पट्टा मी चालू केला होता. बटण बिघडलेलं नाही. कुलूप लोंबताना दिसलं होतं आणि मी खाली पाहिलं नाही." ती आजोबांकडे वळली. "तुमचा हात गेला असता आजोबा. मला आधीच सांगायला हवं होतं. खाली मका उपसताना सारखी तुमची बाही डोळ्यांसमोर येत होती."

आजोबांचा पंखा थांबला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, बोटं मिटली, उघडली.

मॅनेजरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे पट्टाही तूच आणि आज दोरही तूच! ढिला सोडला होतास ना? मामा छातीपर्यंत गेले म्हणजे दोर ढिलाच असणार."

खारू काय सांगणार होती? गाठ तिनेच सोडली होती. पायरीला दोर बांधलेला दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. आता तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. ती तिने स्वतःच, आत्ताच, घालवली होती. तिने मामांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. मघाशी लगद्याखाली होती त्याहून जास्त. मामांनी ती ओळखली. सकाळी शिडी चढताना ती त्यांच्याच डोळ्यांत होती. आता दोर मामांच्या हातात होता, आणि तो कोणत्या माणसाच्या हातात आहे हे खारूला पुरतं माहीत होतं.

"मामा," मॅनेजर म्हणाले, "तुम्ही बोला. पोरीने दोर ढिला सोडला का?"

'हो' म्हणायला काही लागत नव्हतं. मान हलवली तरी चाललं असतं. मुकादमाने जिवंत माणसाच्या हातातला दोर काढून लोखंडाला बांधला आणि सायीवर पाय ठेवला, हे कळलं तर मुकादमी त्याच दिवशी जाणार. 'हो' म्हटलं तर काहीच जाणार नव्हतं. ती तर जाणारच होती. मामांनी त्या 'हो'कडे पाहिलं. त्यात कुठेही फट नव्हती. लांबचा विचार केला तरी नव्हती.

"नाही," मामा म्हणाले. "दोर मी बांधला. शिडीच्या पायरीला. सायीवर पाय मी ठेवला. तिने दोर बरोबर धरला होता."

"पायरीला? तुम्ही?" मॅनेजरांचा विश्वास बसेना. "तुम्ही असं कशाला कराल?"

"तिची भीती वाटली म्हणून."

 मामांनी जुन्या सवयीने, आपण हे का बोललो, यात आपलं काय, असं आत चाचपून पाहिलं. हाताला काहीच लागेना. ज्या जमिनीवर जन्मभर उभे होते ती पुन्हा पायाखालून सरकल्यासारखं झालं, आणि या वेळी दोरही नव्हता.

मॅनेजरांनी कागदावर पेन टेकवलं, उचललं. "मामा, नीट विचार करा. तुमची नोकरी जाईल. पुन्हा विचारतो, दोर कुणी..."

"लिहून घ्या," मामा म्हणाले. त्यांचे हात घोंगडीची कड घट्ट आवळत होते. "आत्ता लिहून घ्या. आणि मला परत विचारू नका."